एन्रॉनची केस समोर आली तर: वाटाघाटीचा कागद कसा मांडायचा

वाटाघाटीची केस पहिल्यांदा हातात पडते तेव्हा बहुतेक मुलं एकच गोष्ट करतात. वीस पानं वाचतात, कोण बरोबर आणि कोण चूक हे मनाशी ठरवतात आणि वर्गात त्या बाजूचे वकील होऊन बोलतात. मग कुणीतरी विचारतं, "बरं, बोलणी फिसकटली तर हा माणूस उद्या सकाळी नेमकं काय करणार?" आणि वर्ग गप्प होतो. मीही एकेकाळी असाच गप्प बसलो होतो. आता एमबीएच्या नव्या मुलांकडून केसचा सराव करून घेताना मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो.

उदाहरणासाठी एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाची केस घेऊ. हार्वर्ड बिझनेस स्कूलने या प्रकल्पावर केस लिहिली आणि ती जगभर शिकवली गेली. आपल्याला ती जास्त जवळची, कारण सगळं गुहागर तालुक्यात आणि मंत्रालयात घडलं. तोटा एवढाच की शेवट काय झाला हे घरातल्या मोठ्यांकडून आपण आधीच ऐकलेलं असतं, आणि केस वाचताना ते ऐकलेलं फार आड येतं.

आधी तारीख गोठवा

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहा: ५ ऑगस्ट १९९५. त्यानंतरचं काहीही आपल्याला ठाऊक नाही असं समजून चालायचं. त्या दिवशी ठाऊक असलेलं साधारण एवढं:

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि अमेरिकेची ऊर्जा कंपनी एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा पक्का करार. प्रकल्पात एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा. दुसरा टप्पा धरून एकूण २०१५ मेगावॅट आणि खर्च सुमारे २८० कोटी डॉलर. मार्च १९९५ मध्ये पहिल्या टप्प्याचं बांधकाम सुरू झालं आणि त्याच महिन्यात शिवसेना–भाजप युती सत्तेवर आली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, असं प्रचारात सांगून आलेलं हे सरकार. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कराराची छाननी केली. ३ ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी एन्रॉनने लंडनमध्ये लवादाची नोटीस दिली.

आता प्रश्न ठरवा, आणि तो एकाच माणसाचा ठरवा. "काय व्हायला हवं होतं?" हा केसचा प्रश्न नव्हे. "एन्रॉनच्या वतीने या प्रकल्पाची सूत्रं सांभाळणाऱ्या रेबेका मार्क यांनी ५ ऑगस्टला काय करावं?" हा झाला प्रश्न. कुणाच्या खुर्चीत बसलोय हे नक्की नसलं की पुढे आपण कागदावर जे चार रकाने आखणार आहोत ते एकमेकांत मिसळतात.

'पर्याय' या शब्दाची भानगड

पुढे जाण्याआधी एक भाषेची अडचण सोडवावी लागेल. इंग्रजी पुस्तकात ऑप्शन आणि अल्टरनेटिव्ह असे दोन वेगळे शब्द असतात आणि विश्लेषणाचा अर्धा भार त्या दोघांतल्या फरकावर उभा असतो. मराठीत आपण दोन्हींना 'पर्याय' म्हणतो आणि तिथेच घसरतो. मुलांच्या कागदावर "एन्रॉनचे पर्याय: दर कमी करणे, लवाद, भागीदारी देणे" अशी सलग ओळ असते. दिसायला ठीक, पण त्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच टोपलीत आहेत.

कसोटी सोपी आहे. ही गोष्ट करायला समोरच्याची 'हो' लागते का? दर कमी करून नवा करार करायचा तर सरकारची सही लागेल. लवाद पुढे रेटायला सरकारच्या संमतीची गरज नाही, जुन्या करारातच त्याची तरतूद आहे. पहिल्या जातीला मी 'टेबलावरच्या वाटा' म्हणतो आणि दुसरीला 'बाहेरची वाट'. बाहेरच्या वाटा कितीही असोत, त्यातली सगळ्यात बरी एक निवडून ठेवायची. पुस्तकात तिलाच बाट्ना म्हणतात. टेबलावर मिळणारं काहीही या वाटेपेक्षा वाईट असेल तर उठून जायचं, एवढाच तिचा उपयोग. पण तो फार मोठा आहे.

म्हणून आडव्या कागदावर चार रकाने आखा: हवं काय, बाहेरची वाट, टेबलावरच्या वाटा, संभाव्य चाली. उभ्या ओळी पक्षांच्या.

ओळी किती? 'सरकार' ही एक ओळ नव्हे

इथे कंजुषी करू नका. एन्रॉनची एक ओळ पुरेल. तिच्यामागे कर्ज देणाऱ्या बँका आणि अमेरिकी सरकारी वित्तसंस्था आहेत एवढी नोंद ठेवा. दुसऱ्या बाजूला मात्र निदान तीन ओळी लागतात. एक युती सरकारची, आणि त्यात सरकारबाहेर असूनही ज्यांच्या शब्दाशिवाय काही हलणार नव्हतं ते बाळासाहेब ठाकरे. दुसरी दिल्लीतल्या केंद्र सरकारची. १९९१ नंतर परदेशी गुंतवणुकीला दारं उघडून आठ खासगी वीजप्रकल्पांना जलदगती ठरवणारं, आणि दाभोळच्या पहिल्या टप्प्याला प्रतिहमी देणारं, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर आम्ही भरू असं लिहून देणारं हे काँग्रेसचं सरकार. तिसरी ओळ वीज मंडळाची. बिल खरोखर भरणार होतं ते मंडळ. ही तिसरी ओळ दहातले आठ जण सरकारच्या ओळीत घुसवून टाकतात. तिच्याकडे शेवटी परत येऊ.

पहिला रकाना: हवं काय?

मागणी आणि हित यांत फरक करायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण करायचा कसा ते सांगत नाहीत. मी एक चाळणी वापरतो: ही गोष्ट एकापेक्षा जास्त मार्गांनी पुरी होऊ शकते का? "प्रकल्प रद्द करा" एकाच मार्गाने पुरी होते, म्हणजे ती मागणी. तिच्यामागे "का?" लावत जा. का रद्द करायचा? वीज महाग आहे, करार निविदा न काढता झाला, आधीच्या सरकारचा आहे आणि आम्ही लोकांना शब्द दिला आहे. आता तुमच्याकडे तीन-चार हितं आली आणि त्यातलं प्रत्येक पुरं करायचे अनेक मार्ग आहेत. 'शब्द पाळला असं दिसणं' हे हित तर एखाद्या आकड्यानेही भागू शकतं, तो आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसला म्हणजे झालं.

एन्रॉनसाठीही तेच करा. मागणी: "करार जसाच्या तसा पाळा." का? घातलेले पैसे आणि परतावा हवा, हे उघड आहे. पण केस नीट वाचली तर आणखी दोन गोष्टी सापडतात. भारतात नैसर्गिक वायू आणून विकण्याची मोठी आकांक्षा, जिच्यासाठी दुसरा टप्पा पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे. आणि इतर देशांत चालू असलेल्या बोलण्यांवर होणारा परिणाम: एका राज्याने करार फेकून दिला आणि कंपनी गप्प बसली, हे इतर देशांना दिसणं तिला परवडणारं नव्हतं.

प्रत्येक हितापुढे केसमधल्या पानाचा आकडा लिहा. पान सापडत नसेल तर पुढे 'अंदाज' असं लिहा. शिस्त किरकोळ वाटते, पण वर्गात "हे कशावरून?" असं विचारल्यावर तोंडावर पडायची वेळ येत नाही. दुसरा फायदा म्हणजे आपला कागद किती अंदाजांवर उभा आहे हे आपल्यालाच दिसतं.

मग हितांपुढे क्रमांक द्या. सगळीच हितं सारखी महत्त्वाची लिहिली तर कागद निरुपयोगी होतो, कारण सौदा होतो तो पसंतीच्या फरकावर. युतीला आकडा आणि मथळा लवकर हवा होता, एन्रॉनला काम सुरू व्हायला हवं होतं आणि दुसरा टप्पा हवा होता. या दोन गोष्टी एकमेकांना छेदत नाहीत. केसची किल्ली इथे आहे, आणि ती क्रमांक दिल्याशिवाय दिसत नाही.

दुसरा रकाना: बाहेरची वाट, आकड्यासकट

इथे मुलं "लवाद" एवढा एक शब्द लिहून थांबतात. लवाद म्हणजे किती पैसे, किती वर्षांनी, कितपत खात्रीने? ढोबळ का होईना, गणित मांडा.

एन्रॉनचा दावा सुमारे ३० कोटी डॉलरचा होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेनऊशे कोटी रुपयांच्या घरात. जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरू. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा धरा. हाती येतील २१ कोटी. वकील आणि इतर खर्चाचा एक कोटी वजा केला तर २०. निकाल लागून पैसे मिळायला तीन वर्षं आणि पैशाची वार्षिक किंमत १२ टक्के धरली तर आजच्या हिशेबाने ते १४ कोटी डॉलरच्या आसपास येतात. म्हणजे नोटिशीवर ३० दिसत असले तरी एन्रॉनची बाहेरची वाट त्याच्या निम्म्याहूनही कमी मोलाची. त्यात भारतातला पुढचा धंदा गेला तो वेगळाच. आणि काम बंद राहिलं तर दिवसाला अडीच लाख डॉलर, म्हणजे सुमारे ८० लाख रुपये जातात, असं कंपनीच सांगत होती.

आता हेच गणित सरकारच्या खुर्चीत बसून करा. हरलो तर शेकडो कोटी रुपये द्यायचे आणि बदल्यात एक युनिटही वीज नाही. दुसरा प्रकल्प उभा करायचा तर काही वर्षं. बाकीचे गुंतवणूकदार हे सगळं बघताहेत. म्हणजे सरकारची बाहेरची वाटही खडतर. फक्त एक फरक आहे: सरकारचं नुकसान उद्या होणार नाही, पुढच्या काही वर्षांत होईल, आणि लोकसभेची निवडणूक त्याआधीच १९९६ मध्ये आहे. एन्रॉनचं नुकसान मात्र दिवसागणिक वाढतंय. थांबणं कुणाला स्वस्त पडतं, हे या रकान्यात स्वतंत्रपणे लिहाच.

दोन्ही बाजूंची बाहेरची वाट वाईट निघाली तर टेबलावर जागा आहे. एकाची चांगली निघाली तर तो का बोलेल हे आधी शोधा, कारण कदाचित तो बोलणारच नाही. काही केसेसमध्ये "सौदा होऊ नये" हेच बरोबर उत्तर असतं आणि ते लिहायला हात थरथरतो.

तिसरा रकाना: टेबलावरच्या वाटा

हा रकाना भरताना "हे कुणाला पटेल?" असं विचारायचं नाही. आधी यादी, नंतर छाननी. पहिल्या रकान्यातलं एकेक हित घ्या आणि ते भागवणारी वाट लिहा.

वीज महाग आहे: तर प्रकल्पाच्या खर्चातून द्रवरूपात आणलेला वायू साठवण्याचा आणि त्याचा पुन्हा वायू करण्याचा भाग बाजूला काढता येईल का? यंत्रसामग्रीच्या किमती करारानंतर उतरल्या असतील तर तो फायदा दरात दाखवता येईल. क्षमता वाढवली तर दर मेगावॅटचा खर्च आपोआप कमी दिसेल. परदेशी कंपनी लुटतेय ही भावना: तर वीज मंडळाला भांडवलात हिस्सा देता येईल. निविदा न काढल्याचा डाग: तो पुसता येणार नाही, पण तटस्थ तज्ज्ञांच्या समितीकडून फेरतपासणी करून घेतली तर 'आम्ही छाननी केली' असं सांगता येईल. एन्रॉनला दुसरा टप्पा हवा: मूळ करारात तो मंडळाच्या मर्जीवर होता, तो पक्का करणं ही देण्यासारखी गोष्ट आहे.

यातली समितीची वाट मुलांना क्षुल्लक वाटते, कारण तिने कुणाचा पैसा वाचत नाही. माझ्या मते या केसमधली ती सगळ्यात मोलाची वाट आहे. ३ ऑगस्टला जाहीरपणे 'रद्द' म्हटलेल्या मुख्यमंत्र्याला परत फिरायला जिना हवा, आणि तो जिना एन्रॉनला बांधता येत नाही.

छाननीत प्रत्येक वाटेपुढे दोन प्रश्न लिहा: कुणाचं कोणतं हित भागतं, आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर नसलेल्या कुणाचं नाव असेल, उदाहरणार्थ वीजग्राहक किंवा प्रकल्पाशेजारच्या वेलदूर-अंजनवेलचे मच्छीमार, तर लाल शाईने लिहा.

चौथा रकाना: चाली

चाली म्हणजे भविष्य वर्तवणं नव्हे. पहिले तीन रकाने बरोबर भरले असतील तर त्यातून जे सुचतं तेवढंच इथे लिहायचं. प्रत्येक चालीला तीन नोंदी: ती करणाऱ्याला काय किंमत पडते, समोरचा बहुधा काय उत्तर देईल, आणि ती चाल मागे घेता येते का. दोन पावलांपुढे जाऊ नका, त्यापुढे नुसतं कथाकथन होतं.

एन्रॉनची एक चाल बघू. वॉशिंग्टनकडून दडपण आणणं. जूनमध्येच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने करार मोडण्याबद्दल इशारा दिला होता. करणाऱ्याला किंमत: जवळजवळ शून्य, म्हणून ही चाल मोहात पाडते. उत्तर: स्वाभिमानाची भाषा करून निवडून आलेलं सरकार परदेशी इशाऱ्यानंतर नमलं तर त्याचं सगळ्यात वरच्या क्रमांकाचं हित जातं, म्हणून ते आणखी ताठ होईल. मागे घेता येते का? बोललेला शब्द परत घेता येत नाही. म्हणजे चाल स्वस्त, पण उलटणारी.

लवादाची चाल याच्या उलट. खर्चिक आहे, पण स्थगित करता येते, आणि स्थगिती ही बोलणी सुरू झाल्याची खूण म्हणून वापरता येते. सरकारलाही अशीच एखादी चाल लागेल, म्हणजे कोर्टात जाऊन करारच अवैध ठरवून मागणं. ती लवादाला उत्तरही असेल आणि सौद्याच्या दिवशी मागे घेण्यासारखं काहीतरी हातातही राहील. दोन्ही बाजू वरून भांडताना दिसतील तेव्हाच आतून देवाणघेवाणीचा माल जमवत असतील, हे या रकान्यातून दिसायला हवं.

एवढं झाल्यावर शिफारस लिहा, चार-पाच ओळींत. माझ्या कागदावर होती ती अशी: मार्क यांनी लवाद चालू ठेवावा, अमेरिकी इशारे थांबवायला सांगावेत, पुन्हा बोलायला तयार आहोत असं जाहीर करावं, दरकपातीचा आकडा स्वतः न सांगता समितीच्या तोंडून येऊ द्यावा, आणि बदल्यात दुसरा टप्पा मागावा.

आता तारीख उघडा

सप्टेंबरमध्ये राज्य सरकार करार अवैध ठरवून मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रेबेका मार्क ठाकऱ्यांना भेटल्या. त्याच महिन्यात किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने एन्रॉनशी बोलणी केली. ८ जानेवारी १९९६ ला नवा सौदा जाहीर झाला: दर युनिटला २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैसे, क्षमता २१८४ मेगावॅट, वायूचा भाग प्रकल्पखर्चातून वेगळा, वीज मंडळाला ३० टक्के हिस्सा, आणि दुसरा टप्पा पक्का. कोर्टातला दावा मागे.

आपल्या यादीशी ताडून पाहा, पण जुळलं म्हणून टाळ्या वाजवू नका. १ रुपया ८६ पैसे हा आकडा डॉलरचा भाव आणि इंधनाचे दर अमुक राहतील असं धरून काढलेला होता. मूळ करारात बिल डॉलरशी आणि इंधनाशी बांधलेलं होतं आणि ती गाठ सुटली नाही. खर्चाचा एक भाग कमी झाला नव्हता, फक्त दुसऱ्या खात्यात गेला होता. तिसऱ्या रकान्यात "बिल कुणाच्या नावावर?" हा प्रश्न प्रत्येक वाटेपुढे लिहिला असेल तर हे तुम्हाला ऑगस्टमध्येच दिसलं असतं.

आणि म्हणून वीज मंडळाच्या ओळीकडे परत या. मंडळाला काय हवं होतं? परवडणारी वीज, आणि गरज असेल तेव्हाच. करार म्हणत होता की वीज उचलो न उचलो, क्षमतेचे पैसे द्यायचेच. एवढ्या महाग विजेची मंडळाला गरज आहे का, ही शंका जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारताना घेतली होती. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटानेही १९९५ मध्ये आकडे मांडून हेच दाखवलं होतं. म्हणजे ही माहिती ५ ऑगस्टला उपलब्ध होती, ती वापरणं म्हणजे पश्चातबुद्धी नव्हे. तरी जानेवारीच्या सौद्यात युतीला मथळा मिळाला, एन्रॉनला दुसरा टप्पा मिळाला आणि मंडळाच्या गळ्यात २०१५ ऐवजी २१८४ मेगावॅट पडले, तेही आता बंधनकारक. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाला बिल पेलेनासं झालं आणि मे २००१ मध्ये संच बंद पडले.

तुमच्या कागदावर मंडळाच्या ओळीत 'सरकारप्रमाणेच' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ खोडा, आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरा.